वर्गांच्या बेरजेत तो ‘भागिले सहा’ कुठून आला?

फळांच्या गाडीवर संत्री रचलेली असतात ती पाहा. सगळ्यात खाली चौकोनी थर, समजा सहा रांगा आणि प्रत्येक रांगेत सहा संत्री. त्यावरचा थर खालच्या चार-चार संत्र्यांमधल्या खळग्यांत बसतो, म्हणून तो आपोआप पाच बाय पाचचा होतो. मग चार बाय चार, तीन बाय तीन, असं करत शेवटी टोकावर एकच संत्रं. एकूण संत्री किती? ३६ + २५ + १६ + ९ + ४ + १, म्हणजे ९१.

सहा थर आहेत तोवर बोटांवर जमतं. साठ थर असतील तर सूत्र लागतं, आणि ते अकरावी-बारावीत सगळ्यांनी पाठ केलेलं असतं:

1² + 2² + 3² + … + n² = n(n+1)(2n+1)/6

n च्या जागी ६ ठेवा: ६ × ७ × १३ भागिले ६, म्हणजे ७ × १३ = ९१. बरोबर.

माझी भाची गेल्या वर्षी हे सूत्र घोकत बसली होती. तिनं विचारलं, “मामा, सहाच का? आणि ते 2n+1 मध्येच कुठून घुसलं?” तिच्या वहीत सिद्धता होती, पण ती इंडक्शनची. म्हणजे सूत्र एका संख्येपर्यंत खरं आहे असं धरायचं आणि पुढच्या संख्येलाही ते खरं ठरतं हे दाखवायचं. ती सिद्धता बिनचूक आहे, पण तिला सूत्र आधी हातात द्यावं लागतं. ते मुळात सापडलं कसं, याचं उत्तर तिच्यात नाही. भाचीचा प्रश्न नेमका तोच होता, म्हणून सूत्र आधीपासून माहीत नाही असं समजून आम्ही ते शोधायला बसलो.

आधीची पायरी तिला येत होती. 1 + 2 + … + n ही बेरीज n(n+1)/2. हीच बेरीज उलट्या क्रमानं खाली लिहायची, वरच्या-खालच्या आकड्यांच्या जोड्या करायच्या, प्रत्येक जोडी n+1 होते, अशा n जोड्या, आणि सगळं दुप्पट झालेलं असतं म्हणून निम्मं करायचं. तिनं पहिल्यांदा हेच वर्गांवर करून पाहिलं. चार वर्ग घेतले, 1, 4, 9, 16, आणि खाली उलटे लिहिले. जोड्या झाल्या १७, १३, १३, १७. सारख्या येत नाहीत, म्हणून युक्ती तिथेच अडते. हा फसलेला प्रयत्न लक्षात ठेवा. थोड्या वेळानं आपण पुन्हा इथेच येणार आहोत, आणि तेव्हा हीच युक्ती एका लहानशा बदलानं चालणार आहे.

तोवर पुस्तकातली दुसरी वाट पाहू. ती घनांच्या फरकातून जाते.

लागोपाठच्या घनांमधला फरक पाहा. 1, 8, 27, 64, 125. फरक ७, १९, ३७, ६१. हे चार फरक मिळवले तर किती? बेरीज करायची गरजच नाही. १ पासून निघून १२५ पर्यंत पोचलो, म्हणजे एकूण चढ १२४. जिन्याच्या पायऱ्यांची उंची एकेक करून मोजा, नाहीतर वरच्या मजल्याच्या उंचीतून खालच्याची वजा करा, उत्तर एकच.

आता हाच चढ दुसऱ्या बाजूनं मोजू. विस्तारसूत्रानं

(k+1)³ − k³ = 3k² + 3k + 1

म्हणजे प्रत्येक पायरीच्या उंचीत आपल्याला हवा असलेला k² तीन वेळा दडलेला आहे, शिवाय k तीन वेळा आणि वर एक. चार पायऱ्यांची उंची मिळवली की वर्गांची बेरीज तीन वेळा येते, 1+2+3+4 ही बेरीज तीन वेळा, आणि चार वेळा एक. वर्गांच्या बेरजेला S म्हणू.

१२४ = 3S + ३ × १० + ४

यातून 3S = ९०, आणि S = ३०. पडताळा: १ + ४ + ९ + १६ = ३०.

यात कळीची गोष्ट अशी की वर्गांची बेरीज काढायला आपण घनांकडे गेलो. भाची आधी वर्गांचेच फरक घेत होती. पण (k+1)² − k² म्हणजे 2k+1. फरक घेताना k² उडून जातो आणि हातात उरते ती फक्त 1 + 2 + … + n. फरक घेतला की घात एकानं उतरतो, म्हणून वर्ग हवा असेल तर एक पायरी वरून सुरुवात करावी लागते.

चारच्या जागी n ठेवला तर

(n+1)³ − 1 = 3S + 3n(n+1)/2 + n

इथे दोन ठिकाणी हमखास घसरायला होतं. पहिलं म्हणजे शेवटचा n. प्रत्येक पायरीतला ‘अधिक एक’ n वेळा आलेला आहे, पण घाईत मुलं तिथे नुसता 1 लिहून मोकळी होतात. दुसरं डावीकडे. पायऱ्या n आहेत, त्यामुळे शेवटची पायरी (n+1)³ वर जाऊन टेकते, n³ वर नाही. चूक झाली की नाही हे ओळखणं सोपं आहे: n = 1 ठेवून पाहा. डावीकडे ८ − १ = ७, उजवीकडे ३ + ३ + १ = ७. दोन्ही बाजू जुळल्या नाहीत तर पुढचं गणित करण्यात अर्थ नाही.

आता S मोकळा करू. इथे सगळे कंस सोडवत बसू नका, उत्तर येतं पण फार खरडावं लागतं. −1 आणि −n एकत्र घ्या, ते होतं −(n+1). मग उजवीकडच्या तिन्ही पदांत (n+1) सामाईक निघतो:

3S = (n+1)³ − (n+1) − 3n(n+1)/2
3S = (n+1) [ (n+1)² − 1 − 3n/2 ]
3S = (n+1) [ n² + n/2 ]
3S = n(n+1)(2n+1)/2

तीननं भागलं की सूत्र हातात. भागिले सहामधला ३ घनाच्या विस्तारातून आला आणि २ साध्या बेरजेच्या निम्म्यातून.

भाचीनं हे समजून घेतलं, पण तिचं समाधान झालं नाही, आणि मला ते पटलं. 2n+1 हा अवयव बीजगणितातून बाहेर पडला खरा, पण तो कशाची संख्या आहे हे दिसलं नाही. साध्या बेरजेत n+1 म्हणजे एका जोडीची बेरीज, हे डोळ्यांना दिसतं. तसं काही इथेही हवं.

ते मिळवायला वर्गाकडे जरा वेगळ्या नजरेनं पाहावं लागतं. 4² म्हणजे ४ × ४, म्हणजेच चार वेळा चार. मग तो तसाच लिहू, चार चौके ओळीनं. 3² म्हणजे तीन तिर्के. सगळे वर्ग असे एकाखाली एक लिहिले की त्रिकोण तयार होतो:

```
      १
     २ २
    ३ ३ ३
   ४ ४ ४ ४
```

या त्रिकोणातल्या सगळ्या आकड्यांची बेरीज म्हणजे आपला S, इथे ३०.

आता उलटं लिहिण्याची ती फसलेली युक्ती आठवा. एका ओळीला दोनच टोकं असतात, म्हणून ती सुलट आणि उलट अशी दोनदा लिहिता येते. त्रिकोणाला टोकं तीन. त्यामुळे तो तीन प्रकारे मांडावा लागतो. वरच्या टोकाचा १ एकदा डाव्या कोपऱ्यात नेऊ आणि एकदा उजव्या. कागदाचा त्रिकोण कापून त्यावर आकडे लिहा आणि तो टेबलावर फिरवा, म्हणजे हे लगेच दिसेल.

```
      ४
     ३ ४
    २ ३ ४
   १ २ ३ ४

      ४
     ४ ३
    ४ ३ २
   ४ ३ २ १
```

तिन्ही त्रिकोणांत आकडे तेच आहेत, नुसत्या जागा बदलल्या. आता तिन्ही एकमेकांवर ठेवा आणि प्रत्येक जागेवरचे तीन आकडे मिळवा. टोकाला १ + ४ + ४ = ९. दुसऱ्या ओळीत डावीकडे २ + ३ + ४ = ९. तिसऱ्या ओळीत मधोमध ३ + ३ + ३ = ९. खालच्या डाव्या कोपऱ्यात ४ + १ + ४ = ९. कुठेही बोट ठेवा, नऊच येतात. भाचीनं दहाच्या दहा जागा तपासल्या, आणि मी तिला अडवलं नाही.

असं का होतं? एका जागेवरून शेजारच्या जागेवर सरका. पहिल्या त्रिकोणात आडवं सरकलं तर आकडा बदलत नाही, कारण ओळीत सगळे सारखेच आहेत. दुसऱ्यात उजवीकडे सरकलं की आकडा एकानं वाढतो, तिसऱ्यात एकानं कमी होतो. बेरीज आहे तिथेच राहते. तिरकं खाली उतरलं तरी तोच हिशेब: एका त्रिकोणात एक वाढतो, एकात एक घटतो, एकात काही बदलत नाही. म्हणून टोकावरची जी बेरीज तीच सगळीकडची. टोकावर असतात 1, n आणि n. बेरीज 2n+1.

भाचीला हवा असलेला 2n+1 तो हाच, तीन थरांमधल्या एका जागेवरची बेरीज.

आता मोजणी फक्त जागांची. पहिल्या ओळीत १, दुसरीत २, असं n पर्यंत, म्हणजे n(n+1)/2 जागा. प्रत्येक जागेवर 2n+1. आणि ही सगळी बेरीज तीन त्रिकोणांची, म्हणजे 3S.

3S = (2n+1) × n(n+1)/2

आपल्या उदाहरणात १० जागा, प्रत्येकी ९, एकूण ९०, त्याचा तिसरा हिस्सा ३०. बीजगणित जवळजवळ नाहीच. भागिले सहामधला ३ म्हणजे त्रिकोणाचे तीन कोपरे, आणि २ म्हणजे जागा मोजताना ओळ उलटून जोड्या केल्या त्याचा.

हेच समीकरण थोडं वेगळं लिहू:

S = n(n+1)/2 × (2n+1)/3

पहिला भाग म्हणजे त्रिकोणातल्या आकड्यांची संख्या. मग दुसरा भाग त्या आकड्यांची सरासरीच असणार. म्हणजे सूत्र सांगतं की या त्रिकोणातल्या आकड्यांची सरासरी (2n+1)/3 आहे. आणि ही सरासरी भूमितीतूनही मिळते. नववीत आपण शिकतो की त्रिकोणाच्या तिन्ही मध्यगा एका बिंदूत मिळतात आणि तो बिंदू प्रत्येक मध्यगेला शिरोबिंदूकडून २:१ या प्रमाणात विभागतो. आकड्यांच्या त्रिकोणात शिरोबिंदूवर 1 आहे आणि पायाशी n. दोन तृतीयांश अंतर उतरलं की आपण 1 + ⅔(n−1) वर येतो. सोडवा, (2n+1)/3 मिळतं. त्रिकोणाचा तोल ज्या बिंदूवर सावरला जातो, तिथेच या आकड्यांची सरासरी आहे. मला स्वतःला या सूत्राबद्दल सगळ्यात आवडणारी गोष्ट ही आहे.

सूत्राचं हे रूप आपल्याकडे फार जुनं आहे. भास्कराचार्यांनी इ.स. ११५० च्या सुमारास लिहिलेल्या ‘लीलावती’त नेमकं असंच दिलंय: ‘द्विघ्नपदं कुयुतं त्रिविभक्तं सङ्कलितेन हतं कृतियोगः’. पद म्हणजे n, द्विघ्न म्हणजे दोननं गुणलेलं. ‘कु’ म्हणजे पृथ्वी, आणि पृथ्वी एकच, म्हणून कु म्हणजे १. ते मिळवा, तीननं भागा आणि संकलितानं, म्हणजे 1 पासून n पर्यंतच्या बेरजेनं, गुणा. कृतियोग म्हणजे वर्गांची बेरीज. ओळ वाचताना आपला त्रिकोणच डोळ्यांपुढे येतो. चाळीसगावजवळच्या पाटणे गावात एक शिलालेख आहे, त्यात भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव यानं मठ स्थापल्याची नोंद आहे. तिथे हे सूत्र शिकवलं जात असणार, या विचारानं तो परिसर मला जवळचा वाटतो.

आर्यभटाच्या इ.स. ४९९ च्या ‘आर्यभटीया’त सूत्राचं रूप वेगळं आहे. तो n+1, त्यात n मिळवून येणारी 2n+1 आणि n या तिघांचा गुणाकार करून सहावा हिस्सा घ्यायला सांगतो, आणि त्या उत्तराला नाव देतो ‘वर्गचितिघन’. चिति म्हणजे रास किंवा चळत. वर्गांची चळत आणि तिचं घनफळ. नाव वाचलं तरी कळतं की आर्यभटापुढे संत्र्यांच्या ढिगासारखी ठोस वस्तू होती.

केरळचा नीलकंठ सोमयाजी (जन्म इ.स. १४४४) यानं आर्यभटीयावरच्या भाष्यात ही वस्तू प्रत्यक्ष मांडून दाखवली: अशा सहा राशी जोडल्या की n, n+1 आणि 2n+1 बाजूंचा भरीव खोका होतो. हे घरी छोट्या ठोकळ्यांवर तपासता येतं. n = 1 असेल तर सहा राशी म्हणजे सहा सुटे ठोकळे, त्यांचा १ × २ × ३ चा खोका. n = 2 ला एका राशीत पाच ठोकळे, सहा राशींत तीस, आणि खोका २ × ३ × ५. या मोठ्या खोक्याच्या पोटात आधीचा छोटा खोका बसतो. तो काढला तर बाहेर २४ ठोकळे उरतात, आणि २४ म्हणजे सहा वेळा 2². पुढेही हेच चालू राहतं. n चा खोका आणि त्याच्या आतला n−1 चा खोका यांच्यातला फरक नेहमी 6n² भरतो:

n(n+1)(2n+1) − (n−1)n(2n−1) = 6n²

म्हणजे प्रत्येक नव्या टप्प्यावर सहाही राशींचे नवे चौकोनी थर मिळून जुन्या खोक्याभोवतीचं वेष्टन होतात. भागिले सहाचा अर्थ इथे अगदी हातात धरता येतो, खोक्यात सहा राशी आहेत आणि आपल्याला एकच हवी आहे.

सूत्र वापरताना एक चूक फार होते. n(n+1)/2 चा वर्ग केला की वर्गांची बेरीज येईल असं पुष्कळांना वाटतं. 1 आणि 2 वर करून पाहा. वर्गांची बेरीज १ + ४ = ५, आणि बेरजेचा वर्ग ३ × ३ = ९. हे ९ चुकीचे असले तरी निरर्थक नाहीत, ती 1³ + 2³ आहे. बेरजेचा वर्ग ही घनांची बेरीज असते, आणि लीलावतीत ते अगदी पुढच्याच ओळीत आहे.

दुसरी चूक सूत्राच्या सुरुवातीबद्दल होते. हे सूत्र 1 पासूनच्या वर्गांचं आहे. बेरीज मधून सुरू होत असेल तर आधीचा भाग वजा करावा लागतो, आणि नेमका किती वजा करायचा तिथे गोंधळ होतो. पुन्हा गाडीवर या. समजा ढीग दहा बाय दहापासून रचलाय, पण टोकापर्यंत नेलेला नाही. सगळ्यात वरचा थर चार बाय चारचा आहे. पूर्ण ढिगात १० × ११ × २१ भागिले ६, म्हणजे ३८५ संत्री मावली असती. यातून काय वजा करायचं? भाचीनं पटकन चार थरांची बेरीज, ३०, वजा केली आणि ३५५ उत्तर काढलं. पण चार बाय चारचा थर तर गाडीवर आहे! गाडीवर नाहीत ते वरचे तीन थर, ९ + ४ + १ = १४. त्यामुळे संत्री ३७१. ३७१ आणि ३५५ यांच्यातला फरक १६, म्हणजे नेमका तो वरचा थर, जो समोर दिसत असूनही मोजायचा राहून गेला होता.